जळगावात पहिलं घर लावतोय: 'नुकताच गॅस भरलेला' जुना फ्रीज घ्यावा का?

शहादेकर | 11 एप्रिल, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. मी शहाद्याकडचा, फेब्रुवारीपासून जळगावला एमआयडीसीत नोकरीला आहे. आतापर्यंत मित्रांच्या खोलीवर भागवलं. मेमध्ये बायकोची परीक्षा संपली की ती येईल, म्हणून खोली-किचन भाड्याने घेतलंय. वरचा मजला आहे, दुपारी स्लॅब नुसता भट्टीसारखा तापतो.

डिपॉझिट भरून हातात 15 हजार उरलेत. त्यात पलंग, फ्रीज, शेगडी आणि भांडी बसवायची आहेत, कूलर गावाहून येतोय. एका जुन्या सामानाच्या दुकानात सिंगल डोअर फ्रीज पाहिला. 190 लीटरच्या आसपासचा, आठ वर्षांचा, 5500 सांगतोय. दुकानदार म्हणतो, "मागच्याच आठवड्यात नवीन गॅस भरलाय, आता चार वर्षं बघायला नको." मी गेलो तेव्हा फ्रीज चालूच होता. आत हात घातला तर गारेगार, बर्फाचा ट्रेही भरलेला होता.

घ्यावा का? आणि मला यातलं काही कळत नसताना तपासायचा कसा? रविवारी परत जाणार आहे.

अमळनेरकर | 11 एप्रिल, रात्री 9:48

घेऊन टाका. फ्रीजचा गॅस तीन-चार वर्षांत संपतोच, आणि आपल्याकडच्या उन्हात जरा लवकरच संपतो. तुम्हाला नवीन भरलेला मिळतोय म्हणजे तेवढा खर्च वाचला. 5000 ला मागा, देईल तो.

केळीची_बाग | 11 एप्रिल, रात्री 10:05

कूलर जुना घेत असाल तर गवत आधी बदला. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, एका हंगामात गवतावर पांढरा थर चढतो आणि मग हवा गार येत नाही. टाकीच्या तळाला आतून बोट फिरवून बघा, गंजाची पापडी निघाली तर तो कूलर सोडून द्या.

शहादेकर | 11 एप्रिल, रात्री 10:11

दादा, कूलर घरचाच येतोय, पण गवताचं लक्षात ठेवतो. प्रश्न फ्रीजचा आहे.

धुळ्याचा_कारागीर | 11 एप्रिल, रात्री 11:30

बावीस वर्षं फ्रीज-एसीचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमळनेरकर भाऊ, राग मानू नका, पण तुमचं म्हणणं बरोबर नाही. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो, वीस वर्षंसुद्धा. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. म्हणून 'नवीन गॅस भरलाय' हे ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "गळती कुठे होती आणि ती कशी बुजवली?" याचं उत्तर देता आलं नाही, तर नुसता गॅस टाकून विकायला ठेवलाय असं समजा. तो महिन्यात जाईल नाहीतर सहा महिन्यांत, पण जाईल.

दुसरं, तुम्ही फ्रीज चालू असताना पाहिला, त्यावरून काहीच कळत नाही. रिकामा, दार न उघडता रात्रभर चालवला तर निम्म्या गॅसवरही ट्रेमधलं पाणी गोठतं. खरा त्रास तुम्ही भाजी-दूध भरून दहादा दार उघडायला लागलात की सुरू होतो.

शनिवारी रात्री दुकानदाराला फोन करा. फ्रीज बंद करून दार उघडं ठेव म्हणा. रविवारी गेल्यावर आधी मागच्या कॉम्प्रेसरला हात लावा, तो खोलीइतकाच कोमट असला पाहिजे. मग ओल्या फडक्याने फ्रीझरच्या आतल्या सगळ्या भिंती पुसा, पाण्याचा पातळ हात राहू द्या. फ्रीज चालू करा आणि घड्याळ बघा.

दहा-पंधरा मिनिटांत फ्रीजच्या दोन्ही बाजूंचा पत्रा, किंवा मागे काळी जाळी असेल तर ती, हाताला चांगली गरम लागली पाहिजे. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. अर्ध्या तासाने फ्रीझर उघडा. गॅस पुरेसा असेल तर तुम्ही पुसलेलं पाणी सगळ्या भिंतींवर सारखं पांढरं पडलेलं दिसेल. गॅस कमी असेल तर नळी जिथून आत शिरते तेवढाच कोपरा पांढरा होतो आणि बाकी भिंत ओलीच राहते. फडकं पुसल्याशिवाय हा फरक नवख्याला दिसत नाही.

हे सिंगल डोअर, बर्फ जमणाऱ्या फ्रीजसाठी आहे. फ्रॉस्ट फ्रीमध्ये कॉइल आत झाकलेली असते, तिथे ही युक्ती चालणार नाही.

अमळनेरकर | 12 एप्रिल, सकाळी 7:15

राग कसला दादा. पण मग आमच्या घरी दर तीन वर्षांनी मिस्त्री गॅस भरून जायचा, तो काय करत होता?

धुळ्याचा_कारागीर | 12 एप्रिल, सकाळी 8:02

बारीक गळती होती आणि ती कुणी शोधली नाही. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये गरम नळी बाजूच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये असते. तिथे गंजून भोक पडलं तर पत्रा फाडल्याशिवाय सापडत नाही. गॅस टाकणं अर्ध्या तासाचं काम, गळती शोधणं दिवसाचं. गिऱ्हाईकही विचारत नाही.

रावेरची_लेक | 12 एप्रिल, सकाळी 10:40

गळती कशी होते ते मी माझ्या हाताने केलंय, म्हणून सांगते. लग्नानंतर आम्ही पुण्याहून भुसावळला आलो तेव्हा जुना फ्रीज घेतला होता, चांगला चालत होता. फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झाला, पाहुणे येणार होते, घाई होती. बटण बंद करून वाट बघायची सोडून मी उलथण्याच्या टोकाने बर्फ खरवडायला लागले. एकदम 'फुस्स' आवाज आला आणि बर्फातून धूर निघाल्यासारखं दिसलं. सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

मिस्त्रीने दोन ट्यूबमधलं चिकटवायचं मिश्रण कालवून तिथे थापलं, गॅस भरला आणि दोन हजार घेतले. तो उन्हाळा निघाला, दिवाळीला परत तेच. तेव्हा फ्रीझरच्या तळाला राखाडी, खडबडीत ठिपका दिसतोय का ते बोट फिरवून बघा. आमच्याकडे त्या ठिपक्यावर स्टिकर लावून फ्रीज पुढे विकता आला असता, भंगारवाल्यानेच तसं सुचवलं होतं. आम्ही तो भंगारातच दिला.

धुळ्याचा_कारागीर | 12 एप्रिल, सकाळी 11:05

ताई, तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. माझ्याकडे येणाऱ्या अशा फ्रीजमध्ये चाकू-उलथणंच जास्त असतं. ॲल्युमिनियमवरचं ते थापण थंड-गरम होऊन सुटतं.

वाघूरकाठ | 12 एप्रिल, दुपारी 1:20

माझं मत वेगळं आहे. फ्रीज जुना घेऊच नये. पलंग, टेबल, कपाट जुनं घ्या, फ्रीज हप्त्यावर नवीन घ्या. कारण फ्रीज चोवीस तास वीज खातो. कॉम्प्रेसर समजा 110 वॉटचा आहे. गॅस बरोबर असेल तर तो साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. गॅस कमी असेल तर तो थांबतच नाही, मग दिवसाला अडीच युनिटच्या वर. महिन्याला 40 युनिट जास्त. आपल्या बिलातल्या दराने गुणून बघा, वर्षभरात स्वस्ताई गेली. नवीन छोट्या फ्रीजच्या स्टार लेबलवर अख्ख्या वर्षाचे दीडशे-दोनशे युनिट लिहिलेले असतात.

आणि जुन्या फ्रीजवर पाच तारे दिसले तर लेबलचं सालही वाचा. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, तेव्हाचे पाच तारे आजचे पाच नाहीत.

शहादेकर | 12 एप्रिल, दुपारी 2:05

हिशोब पटला दादा. पण हप्त्याला माझं मन धजत नाही. लग्नाचंच एक कर्ज चालू आहे, आणि नोकरी पक्की व्हायला सहा महिने आहेत. तोवर रोखीत जमेल तेवढंच.

भुसावळकर | 12 एप्रिल, दुपारी 3:30

शहादेकर, दुकानाऐवजी बदलीवाल्यांचं सामान बघा. भुसावळला रेल्वेची माणसं आहेत, वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरला वीज केंद्र. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिल-मे-जूनमध्ये बदलीवाले सामान काढतात. त्यांना खोली रिकामी करायची तारीख असते, म्हणून भाव बरा मिळतो. आणि मुख्य म्हणजे फ्रीज त्यांच्या स्वयंपाकघरात, दूध-भाजीने भरलेला, चालू दिसतो. माझ्या ओळखीचे एक काका जूनच्या आत नागपूरकडे जाताहेत, विचारून सांगतो.

पलंगाबद्दल एक. लाकडी बॉक्सचा घेणार असाल तर गादी उचलून सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारा. शाईच्या पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. तो पलंग फुकट मिळाला तरी घरात आणू नका.

केळीची_बाग | 12 एप्रिल, दुपारी 4:10

ढेकणांना घाबरायचं काय? मे महिन्यात पलंग दोन दिवस गच्चीवर टाका, जळगावच्या उन्हात एक जिवंत राहणार नाही. आमची आजी बाज अशीच टाकायची.

भुसावळकर | 12 एप्रिल, दुपारी 4:35

बाज ही सुतळीची आणि चार दांड्यांची, तिला ऊन सगळीकडून लागतं, वर उकळतं पाणीही ओततात. प्लायच्या बॉक्सचं तसं नाही. वरची फळी पोळते, पण सांध्याच्या आत तेवढी उष्णता पोचत नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. आम्ही तीन दिवस टाकून बघितलंय. लोखंडी पलंगातही पाइपची तोंडं उघडी असतील तर आत टॉर्च मारा.

पारोळ्याचा_पाव्हणा | 12 एप्रिल, रात्री 8:50

मोबाइलवर सामान बघत असाल तर एक ध्यानात ठेवा. "मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी सामान घेऊन निघाली, फक्त टोकन पाठवा" असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातातच. माझ्या भावाचे 3000 गेलेत.

चाळीसगावकर | 14 एप्रिल, रात्री 9:00

कसं व्हयनं मंग भाऊ? फ्रीज लिधा का नई?

शहादेकर | 14 एप्रिल, रात्री 10:25

नाही घेतला. जसं झालं तसं सांगतो.

शनिवारी रात्री फोन केला. दुकानदार कुरकुरला, पण बंद ठेवतो म्हणाला. रविवारी दहाला पोचलो. कॉम्प्रेसरला हात लावला, थंड होता, म्हणजे शब्द पाळला होता त्याने. रुमाल ओला करून फ्रीझर पुसला आणि 10:20 ला बटण चालू केलं. पंधरा मिनिटांनी बाजूचा पत्रा बघितला, कोमट म्हणावा इतपतच. 10:50 ला फ्रीझर उघडला. डाव्या बाजूचा खालचा कोपरा, माझ्या तळव्याएवढा, पांढराशुभ्र. उजवी भिंत आणि वरची बाजू तशीच ओली, बोट लावलं तर थेंब ओघळला. कारागीर दादांनी लिहिलेलं डोळ्यांपुढे घडत होतं.

मग मागे वाकून पाहिलं. कॉम्प्रेसरपाशी एका नळीचं टोक चेपून नवीन डाग दिलेला होता. गळती कुठे होती विचारलं तर म्हणाला, "गळती नव्हती, गॅस जुना झाला होता." कोणता गॅस भरला विचारलं, तर "134, सगळ्यांना तोच लागतो." मागच्या पट्टीवर मात्र आर-600ए, 45 ग्रॅम असं छापलेलं होतं. मी तसं दाखवलं तर म्हणाला, उन्हाळा आहे, फ्रीजला वेळ लागतो. चहा पाजला त्याने, वाईट माणूस वाटला नाही. पण मी निघालो.

धुळ्याचा_कारागीर | 14 एप्रिल, रात्री 11:10

शाबास. उन्हाळ्यात थंड व्हायला वेळ लागतो हे खरं आहे. पण तेव्हा सगळीच भिंत उशिरा पांढरी होते, एकच कोपरा होत नाही.

आणि गॅसची अदलाबदल हे तर मोठंच कारण. 600ए चा कॉम्प्रेसर वेगळ्या मापाचा असतो, तो कमी दाबावर चालायला बनवलेला. त्यात 134ए टाकला की त्याच्यावर भार येतो, तापतो, आणि एखाद्या मेमध्ये बसतो. लोक असं का करतात? 600ए पेट घेणारा गॅस आहे, नळीत थोडा उरला असताना डाग द्यायला ज्योत लावली तर भडका उडतो. काळजीने, वजन करून भरावा लागतो. ज्याला ते जमत नाही तो हातात असेल ते टाकतो. तुमचा दुकानदार कदाचित फसवत नसेल, त्याच्या मिस्त्रीनेच त्याला असं सांगितलं असेल.

चाळीसगावकर | 15 एप्रिल, सकाळी 9:30

दादा, मला एक फ्रीज मिळतोय, त्याच्या मागे बाहेरून नवीन जाळी लावलेली आहे. आतली नळी गळत होती म्हणून बंद केली असं मालक सरळ सांगतो. घ्यावा का?

धुळ्याचा_कारागीर | 15 एप्रिल, दुपारी 1:00

गळती कुठे होती हे सांगणारा मालक मला आवडतो. नीट केलेलं काम असेल तर अशी जाळी वर्षानुवर्षं टिकते, माझी स्वतःची सात-आठ वर्षं चाललेली आहेत. फडक्याची परीक्षा घ्या आणि भिंतीपासून चांगलं वीतभर अंतर ठेवा.

वाघूरकाठ | 15 एप्रिल, दुपारी 1:40

इथे मी सहमत नाही. ज्याची नळी एका जागी गंजली त्याची दुसरीकडेही गंजत असणार. कारागीर दादा आपलं काम नीट करतात, प्रत्येक मिस्त्री करतोच असं नाही, आणि गिऱ्हाइकाला ते बाहेरून कळणार कसं?

धुळ्याचा_कारागीर | 15 एप्रिल, दुपारी 2:15

मुद्दा खरा आहे. डाग गुळगुळीत आहे की ढेकळासारखा, एवढंच बाहेरून दिसतं. बाकी मिस्त्रीवर आहे.

शहादेकर | 28 एप्रिल, सायंकाळी 6:40

घेतला! भुसावळकर दादांनी सांगितलेल्या काकांकडून. सहा वर्षांचा सिंगल डोअर 6000 ला, आणि लोखंडी पलंग 1500 ला, पाइपची तोंडं टोपण लावून बंद केलेली. काकूंनी दोन पोळपाट आणि मसाल्याचा डबा तसाच दिला, पैसे घेतले नाहीत.

त्यांनी आदल्या रात्री फ्रीज रिकामा करून ठेवला होता. फडकं पुसलं, चालू केला. बारा मिनिटांत दोन्ही बाजू चांगल्या गरम. अर्ध्या तासाने फ्रीझरच्या भिंती सगळीकडून पांढऱ्या, नखाने रेघ ओढता येईल अशा. मग गोल बटण बंदकडे फिरवलं, 'टक' झालं आणि आवाज थांबला. मी लगेच परत चालू केलं, तर नुसतं गुणगुणला, पुन्हा 'टक', आणि बंद. माझं काळीज लक्कन हललं, वाटलं आपणच बिघडवला.

धुळ्याचा_कारागीर | 28 एप्रिल, सायंकाळी 7:05

हे सांगायचं राहिलं, चूक माझी. बंद केल्यावर पाच मिनिटं तरी थांबायचं असतं. नळीतला दाब दोन्हीकडे सारखा झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला जोर पुरत नाही. पाच मिनिटांनंतरही सारखं 'टक-टक' करत राहिला असता, तर मात्र दोष होता.

शहादेकर | 28 एप्रिल, सायंकाळी 7:30

काकाही तेच म्हणाले, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो आणि चालू झाला. आतल्या काचा आणि भाजीचा डबा काढून गोणपाटात गुंडाळला, दार दोरीने बांधलं आणि लोडिंग रिक्षात उभाच आणला. रिक्षावाला आडवा टाकू म्हणत होता.

रावेरची_लेक | 28 एप्रिल, सायंकाळी 7:42

आडवा आणला तर काय होतं? आमचा तर आडवाच आला होता.

धुळ्याचा_कारागीर | 28 एप्रिल, सायंकाळी 7:55

कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत उतरतं ताई. आडवा आणलाच तर घरी उभा करून दुसऱ्या दिवशी चालू करायचा, तेल परत खाली येतं. उभा आणला असेल तर तीन-चार तास पुरे.

शहादेकर | 30 एप्रिल, दुपारी 4:15

काल सकाळी चालू केलाय. आता एक शंका. आज खोलीत 43 च्या वर आहे आणि सकाळी अकरापासून फ्रीज एकदाही थांबलेला नाही. पट्टीवर 'टी' लिहिलंय. दूध गार आहे, पण वाघूरकाठ दादांचा हिशोब डोक्यात घोळतोय.

धुळ्याचा_कारागीर | 30 एप्रिल, दुपारी 4:50

'टी' म्हणजे 43 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला. तुमची खोली त्याच्याही वर गेली, तर दुपारी तो थांबणार नाही, नवीनसुद्धा थांबत नाही. भिंतीला चिकटला असेल तर मागे आणि बाजूने वीतभर जागा सोडा, खिडकीचं ऊन अंगावर येत असेल तर पडदा लावा. खरी परीक्षा रात्रीची. अकरानंतर हवा उतरली की बटण मधल्या आकड्यावर ठेवून बघा, थांबतो की नाही ते.

शहादेकर | 30 एप्रिल, रात्री 11:58

फ्रीज भिंतीपासून ओढला, खिडकीला चादर लावली आणि स्वयंपाकघरातच सतरंजी टाकून बसलो होतो. 11:36 ला 'टक' झालं आणि बंद पडला. 11:50 ला आपला आपण परत सुरू झाला. चौदा मिनिटं. बायकोला फोन लावून आवाज ऐकवला.